बोय जिताड्याच्या वर कशी गेली: खाडीच्या अन्नजाळ्यातला δ15N आणि पायाचा प्रश्न

प्रश्न: मी पीएच.डी.साठी रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीतल्या अन्नजाळ्यावर काम करते. वरच्या टोकाला, शहराचा नाला मिळतो तिथे, पकडलेल्या बोयचा δ15N 13.2 आणि δ13C −23.9 आला. मुखाजवळच्या जिताड्याचा δ15N 12.9, δ13C −21.0 आणि कार्बन-नायट्रोजनचे गुणोत्तर C:N 4.4 आहे. मुखाजवळच्या कालवांना (δ15N 7.9, δ13C −19.5) पाया धरून 3.4 ने भागले, तर बोयची पोषण पातळी 3.56 आणि जिताड्याची 3.47 येते. बोय चिखल चाटते आणि जिताडा मासे खातो, मग हे कसे? लॅबचे आकडे चुकले असतील का? वरच्या टोकाच्या गोगलगायींचेही आकडे आहेत (11.8 आणि −24.5), पण ते फारच वर वाटले म्हणून वगळले. शिवाय आहारातले वाटे काढणाऱ्या MixSIAR या मॉडेलमध्ये तिवराची पाने, प्लवक आणि चिखलावरचे शेवाळ असे तीन स्रोत देऊन बोयच्या आहारात तिवराच्या पानांचा वाटा 34 टक्के आला. तो प्रबंधात लिहू का?

उत्तर:

लॅबवर शंका घेण्याआधी त्या वगळलेल्या गोगलगायी परत आणा. तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्यांच्यातच आहे.

δ15N म्हणजे नमुन्यातल्या जड 15N आणि हलक्या 14N यांच्या गुणोत्तराचा प्रमाणकापासूनचा फरक, हजारात मोजलेला; कार्बनसाठी δ13C तसाच. पण δ15N हा आकडा एकटा पातळी सांगत नाही. प्राणी अन्न पचवतो तेव्हा हलका नायट्रोजन, म्हणजे 14N, मलमूत्रातून थोडा जास्त बाहेर पडतो आणि 15N शरीरात थोडा जास्त उरतो. त्यामुळे खाणाऱ्याचा δ15N खाल्लेल्यापेक्षा काही एककांनी वर असतो. मिनागावा आणि वाडा यांनी 1984 साली या चढीची सरासरी 3.4 प्रति हजार काढली, डेव्हिड पोस्ट यांनी 2002 च्या लेखात तीच वापरली आणि तेव्हापासून सगळे 3.4 ने भागतात. पण ही एका पायरीची उंची झाली. जिना कुठल्या मजल्यावरून सुरू होतो ते 3.4 सांगत नाही, ते पायाचा आकडा सांगतो. तुम्ही मुखाजवळच्या पायावरून वरच्या टोकाच्या माशाची उंची मोजली आहे.

वरच्या टोकाचा पाया उंच असण्याचे कारण बहुधा तुमच्या वर्णनातच आहे: तो नाला. सांडपाण्यातल्या युरियाचा अमोनिया होतो. अमोनिया हवेत उडताना हलका नायट्रोजन आधी उडतो. उरलेल्या अमोनियाचे नायट्रेट आणि कमी ऑक्सिजनच्या चिखलात नायट्रेटचा पुन्हा वायू करणारे जिवाणूही हलकाच नायट्रोजन आधी उचलतात. प्रत्येक टप्प्यावर मागे जड नायट्रोजन उरतो. चिखलावरचे सूक्ष्म शेवाळ तो घेते, गोगलगाय ते शेवाळ खरवडते आणि बोय त्याच पृष्ठभागावर तोंड घालते. माशाने एकही पायरी न चढता सगळा जिना वर सरकतो. काबाना आणि रासमुसेन यांनी 1996 मध्ये तळ्यांच्या अभ्यासात हेच दाखवले. पाणलोटात माणसांची वस्ती जितकी दाट, तितका प्राथमिक भक्षकांचा, म्हणजे थेट शेवाळ-वनस्पती खाणाऱ्या प्राण्यांचा, δ15N वर.

मात्र सांडपाणी म्हणजे नेहमीच जड नायट्रोजन, असे समजू नका. नाल्यातून नुकत्याच आलेल्या, न कुजलेल्या गाळाचा δ15N बराच खालीही असू शकतो. रासायनिक खतातला नायट्रोजन हवेतूनच बनवलेला असल्यामुळे तो शून्याच्या आसपास राहतो. म्हणून पाया अंदाजाने धरायचा नाही, तिथल्या प्राण्यातच मोजायचा. तुम्ही तो मोजला आहे.

आता बोयचे गणित पुन्हा करू. गोगलगाय प्राथमिक भक्षक आहे, म्हणून तिची पातळी, म्हणजे TP, 2.

```
TP = 2 + (δ15N_प्राणी − δ15N_पाया) / 3.4
बोय: 2 + (13.2 − 11.8) / 3.4 = 2.41
```

चिखलावरचे शेवाळ खाताना त्यातले बारीक किडेही गिळणाऱ्या माशाला 2.41 अगदी शोभते. बोयच्या कार्बनकडेही बघा. −23.9 हा आकडा गोगलगायीच्या −24.5 ला लागून आहे आणि मुखाच्या कालवांपासून जवळपास साडेचार एकके दूर आहे. कार्बन दर पायरीला जेमतेम 0.4 ने सरकतो, त्यामुळे तो अन्न कुठून आले याची खूण बऱ्यापैकी जपतो. ही बोय गेले काही महिने वरच्या टोकालाच चरत होती, असे तिचा स्नायू सांगतो.

जिताडा एवढा सोपा नाही, कारण तो हिंडतो. मुखाजवळ सापडला म्हणजे मुखाजवळच जेवला, असे नाही. त्याच्या नायट्रोजनमध्ये दोन्ही पाये मिसळलेले असणार आणि किती मिसळले ते कार्बनवरून काढायचे. पण त्याआधी तुम्ही एक पायरी गाळली आहे. C:N 4.4 म्हणजे तुमच्या तुकड्यात चरबी आहे. माशाच्या स्वच्छ पांढऱ्या स्नायूत हे गुणोत्तर 3.2 च्या आसपास असते. चरबी तयार होताना हलका कार्बन जास्त जातो, त्यामुळे चरबीचा δ13C प्रथिनांपेक्षा सहा-सात एककांनी खाली असतो. तेलकट जिताड्याचा कार्बन त्या चरबीमुळे खाली ओढला जातो आणि तो मासा वरच्या टोकाला जेवल्यासारखा दिसतो. C:N 3.5 च्या वर गेले की जलचरांसाठी पोस्ट आणि सहकाऱ्यांचे 2007 चे समीकरण लावतात:

```
δ13C_सुधारित = δ13C − 3.32 + 0.99 × C:N
             = −21.0 − 3.32 + 0.99 × 4.4 = −20.0 (जवळपास)
```

इथे C:N वजनाचे हवे. काही लॅब अणूंच्या संख्येचे गुणोत्तर देतात आणि ते वजनाच्या गुणोत्तरापेक्षा साधारण 1.17 पट असते. अहवालात कुठले आहे ते न बघता समीकरण लावले, तर तुमच्या जिताड्यात अर्ध्या एककाहून जास्त चूक शिरेल. तुमचे 4.4 वजनाचे आहे असे धरून पुढे जातो.

जिताडा पायापेक्षा साधारण सव्वा पायरी वर असेल असे धरा. सव्वा गुणिले 0.4 म्हणजे 0.5. तेवढे वजा केल्यावर त्याच्या अन्नसाखळीच्या तळाचा कार्बन −20.5 येतो. वरच्या टोकाचा वाटा α मानला तर:

```
α = (−20.5 − (−19.5)) / (−24.5 − (−19.5)) = 0.20
पाया = 0.20 × 11.8 + 0.80 × 7.9 = 8.68
जिताडा: 2 + (12.9 − 8.68) / 3.4 = 3.24
```

सव्वा पायरी धरली होती आणि उत्तरही पायाच्या सव्वा पायरी वर आले, म्हणजे गणित स्वतःशी जुळते. जुळले नसते तर आलेली पातळी पुन्हा आत घालून दोन-तीन वेळा फिरवायचे. चरबीची दुरुस्ती न करता हेच केले तर α 0.40 होतो आणि जिताडा 3.01 वर येतो. त्यांतला फरक प्राण्यात नाही, तुकड्यातल्या तेलात आहे.

बोय 2.41 आणि जिताडा 3.24 हा क्रम आता पटण्यासारखा आहे. पण दशांशानंतरचे दोन अंक प्रबंधात ठामपणे मांडू नका. 3.4 ही खूप प्राण्यांची सरासरी आहे आणि मूळ लेखातच तिचा फैलाव 1.1 चा आहे. नंतरच्या काही आढाव्यांत सरासरी अडीचच्या आसपास आली. पाया तोच ठेवून 2.5 धरले तर बोय 2.56 आणि जिताडा 3.69 होतो. दोन्ही वेळा क्रम तोच राहतो, मात्र अंतर बदलते. म्हणून दोन्ही आकडे द्या आणि मजकुरात क्रमावर बोला. जिताड्याची पातळी 3.24 आहे, म्हणून तो दुसऱ्या खाडीतल्या 3.4 च्या जिताड्यापेक्षा कमी मांसाहारी आहे, असे वाक्य या पद्धतीवर उभे राहत नाही.

तुमच्या पायाबद्दल एक शंका मला आहे आणि परीक्षकालाही ती येईल. वरच्या टोकाला तुम्ही चिखल खरवडणारी गोगलगाय घेतलीत आणि मुखाला पाणी गाळणारे कालव. त्यामुळे दोघांमधल्या पाच एककांच्या कार्बन फरकात दोन गोष्टी एकत्र आहेत: जागेचा फरक आणि चिखल की पाणी हा फरक. पोस्ट यांनी तळ्यांत शिंपले आणि गोगलगायी असे दोन पाये मुद्दाम घेतले होते, कारण त्यांना उघड्या पाण्याचे अन्न आणि किनाऱ्याचे अन्न वेगळे करायचे होते. तुमचा प्रश्न जागेचा आहे. जमले तर दोन्ही टोकांना दोन्ही प्राणी घ्या, प्रत्येकी किमान पाच. वर कालव मिळत नसेल तर दुसरे कुठलेही पाणी गाळणारे शिंपले चालेल. मुखाजवळच्या दगडांवर शेवाळ खरवडणाऱ्या गोगलगायी नक्की मिळतील.

पाया म्हणून पाण्यातले प्लवकच का घेऊ नये, असेही कोणी विचारेल. माझ्या पहिल्या हंगामात मी तेच केले होते. पाणी गाळून फिल्टर वाळवले आणि दोन दिवसांनी भरतीच्या वेगळ्या वेळेला पुन्हा तेच केले, तर δ15N मध्ये जवळपास चार एककांचा फरक आला, म्हणजे एक पूर्ण पायरी. प्लवक काही दिवसांत बदलते, माशाचा स्नायू मात्र आठवडे-महिन्यांचे जेवण साठवून असतो. कालव आणि गोगलगाय ती चढउतार स्वतःच्या मांसात सरासरी करून ठेवतात, म्हणून पाया तेच देतात. आपल्या किनाऱ्यावर तर प्लवकाचा पाया ऋतूनुसारही हलतो. अरबी समुद्राच्या मधल्या थरात ऑक्सिजन फार कमी असल्याने तिथले जिवाणू नायट्रेटचा वायू करतात आणि उरलेले नायट्रेट जड होते. पावसाळ्यात किनाऱ्यालगत खालचे पाणी वर येते तेव्हा अशा थरांतले नायट्रेट उथळ पाण्यापर्यंत पोहोचते. मार्च-एप्रिलमध्ये ट्रायकोडेस्मियमचे तांबूस-तपकिरी पट्टे येतात, ते हवेतला नायट्रोजन बांधतात आणि पाया शून्याकडे ओढतात. कालव एका ऋतूत आणि मासा दुसऱ्या ऋतूत गोळा केला असेल तर वजाबाकीला अर्थ उरत नाही.

लॅबची तपासणी थोडक्यात होते. प्रत्येक तुकडीत ज्ञात प्रमाणके मधूनमधून चालवलेली असतात. त्यांचा फैलाव कार्बनला 0.1 आणि नायट्रोजनला 0.2 च्या आसपास असेल, आणि दर दहा-बारा नमुन्यांमागे एक नमुना दुबार चालवून तितकाच जुळला असेल, तर यंत्राचे काम नीट आहे. तुमच्या आकड्यांत एकच बोय वेडीवाकडी आली असती तर यंत्राकडे बोट दाखवता आले असते. इथे गोगलगाय आणि बोय दोघीही एकाच दिशेने वर आहेत. अशी चूक यंत्र सहसा करत नाही.

नमुन्यांच्या तयारीकडे मात्र बघा. नमुना पाठीच्या पंखाखालच्या पांढऱ्या स्नायूचा, कातडी आणि काटा काढून, 60 अंशांवर 48 तास वाळवून, खलबत्त्यात पिठासारखा कुटून अर्धा ते एक मिलिग्रॅम टिनच्या डबीत, असा हवा. गोगलगायीच्या मांसात कवचाचा कण राहिला तर त्या कार्बोनेटचा कार्बन शून्याच्या आसपास असल्याने δ13C एकदम वर उडतो. तो घालवायला हायड्रोक्लोरिक आम्ल लावतात, पण आम्लाने δ15N हलू शकतो. म्हणून नमुन्याचे दोन भाग करतात: आम्ल लावलेला भाग कार्बनसाठी, न लावलेला नायट्रोजनसाठी. फॉर्मॅलिनच्या बरणीतला मासा घेऊ नका, त्यात कार्बन बदलतो. बर्फ आणि मग फ्रीझर हे सुरक्षित. जाळ्यात मुशी आली आणि तिचाही नमुना घेतलात तर स्नायू आधी पाण्याने धुऊन युरिया काढा. मुशीच्या अंगातला युरिया 15N ने हलका असतो आणि तिची पातळी खाली दाखवतो.

आता तिवराच्या 34 टक्क्यांबद्दल. हा आकडा लिहू नका. तुम्ही तीन स्रोत दिलेत आणि मॉडेलची सुरुवातीची समजूत ठरवणारा alpha.prior बहुधा आपोआप 1 राहिला असेल. मग कुठलाही मासा न दाखवता मॉडेल प्रत्येक स्रोताला सरासरी 33 टक्के देते. तुमचे 34 हे माशाचे उत्तर आहे की मॉडेलने सुरुवातीला धरलेली समजूत तशीच परत आली, ते वितरण बघितल्याशिवाय कळणार नाही. हे चालवा आणि निकालाच्या आलेखाशेजारी ठेवा:

```r
plot_prior(alpha.prior = 1, source)
```

दोन्ही वक्र जवळपास सारखे दिसले, तर तुमच्या मोजमापांनी तिवराच्या वाट्याबद्दल काहीच सांगितलेले नाही. मला तसेच होण्याची शक्यता वाटते आणि त्याचे कारण खाडीतच आहे. तिवराची पाने −28 च्या आसपास असतात. समुद्रातले प्लवक −19 ते −22 मध्ये असते, म्हणून पुस्तकात ते वेगळे दिसतात. पण खाडीच्या वरच्या टोकाला पाण्यात विरघळलेला कार्बन बराचसा कुजलेल्या पानांचा आणि नदीचा असतो. तो आधीच हलका असल्याने तिथले प्लवक आणखी हलके होते आणि −25 ते −27 पर्यंत उतरू शकते. दोन स्रोत असे एकमेकांवर चढले की मॉडेल त्यांना वेगळे करू शकत नाही. ते दोघांत वाटा फिरवत राहते: तिवर वाढला की प्लवक घटते आणि उलट. निकालात या दोन स्रोतांच्या वाट्यांचा परस्परसंबंध काढा. तो मोठा आणि ऋण असेल तर हीच गोष्ट घडते आहे. अशा वेळी दोघांचा वाटा एकत्र करून द्यायचा आणि चिखलावरच्या शेवाळाचा वेगळा.

याची आठवण करून देणारे उत्तम काम आपल्याकडेच झाले आहे. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाशी कोरिंगाच्या कांदळवनात बेल्जियन आणि भारतीय संशोधकांनी 2000 च्या आसपास तळातले प्राणी मोजले. सभोवती कांदळवन दाट असूनही त्या प्राण्यांचे मुख्य अन्न सूक्ष्म शेवाळ आणि प्लवक निघाले. तिवराच्या पानांचा वाटा थोडा होता. तुमच्या खाडीतही तसेच असेल, असे यावरून ठरत नाही. पण पाने भरपूर दिसतात म्हणून ती खाल्लीही जातात, हे गृहीत धरता येत नाही.

शिवाय पानात नायट्रोजन फार कमी असतो, शेवाळात त्याच्या कित्येक पट. एक ग्रॅम पान खाल्ले तर कार्बन मिळतो, पण स्नायूतला नायट्रोजन बहुतेक शेवाळातून येतो. MixSIAR मध्ये हे सांगायची सोय आहे. स्रोतांच्या फाइलमध्ये कार्बन आणि नायट्रोजनचे प्रमाण भरून `conc_dep = TRUE` ठेवा. ते न ठेवता काढलेला तिवराचा वाटा नेमका कशाचा वाटा आहे, ते सांगता येत नाही.

पुढे निधी मिळाला तर दोन गोष्टी मोजण्यासारख्या आहेत. गंधकाचा δ34S तिवर आणि प्लवकाला कार्बनपेक्षा बरेचदा चांगले वेगळे करतो, कारण कांदळवनाच्या काळ्या चिखलातला सल्फाइड समुद्राच्या सल्फेटपेक्षा खूप हलका असतो. दुसरी गोष्ट महाग आहे: एकेका अमिनो आम्लाचा δ15N. ग्लुटामिक आम्ल पायरीगणिक खूप चढते आणि फेनिलॲलानिन जवळपास जागेवरच राहते. त्यामुळे पाया आणि उंची दोन्ही एकाच माशाच्या तुकड्यातून मिळतात आणि तुमचा नाल्याचा प्रश्न मुळातच सुटतो. प्रबंधासाठी चार-पाच जिताड्यांवर केले तरी पुरे.

त्याआधी एक स्वस्त परीक्षा आहे. पुढच्या फेरीत मुखाजवळच्या, स्थानिक कोळ्यांच्या मते तिथेच राहणाऱ्या छोट्या बोय पकडा, वरच्या बोयच्याच लांबीच्या. पाया सरकला हे माझे म्हणणे खरे असेल, तर त्यांचा δ15N पायापेक्षा तेवढाच 1.4 ने वर, म्हणजे 9.3 च्या आसपास यायला हवा. मधल्या दोन-तीन ठिकाणच्या बोय आणि गोगलगायी नाल्यापासूनच्या अंतराप्रमाणे आलेखावर मांडल्या तर दोन्ही रेषा जवळजवळ समांतर उतरायला हव्यात. मुखाजवळच्या बोयही 13 च्या वर निघाल्या, तर माझे उत्तर चुकले. मग ती बोय खरोखर काय खाते ते बघायला तिचे पोट उघडावे लागेल.